गोळ्या खाऊनही रक्त का वाढत नाही?

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी भंडारा जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होते. तिथे रोवणीच्या कामाला जाणारी एक बाई दर काही महिन्यांनी यायची. वय बत्तीस, तीन लेकरं. चेहरा पिवळट, नखं पांढरी, दोन पायऱ्या चढली की दम लागायचा. जुलैत तिचं हिमोग्लोबिन 7.2 भरलं. मी तिला रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिल्या. दोन महिन्यांच्या गोळ्या संपल्यावर ते 8.6 झालं. पुढे पुरवठा आला नाही, गोळ्या थांबल्या, आणि जानेवारीत बघते तर 7.1. म्हणजे होती त्याहून खाली.

मी तिच्या कार्डावर लिहिलं, "गोळ्या नियमित घेत नाही."

ती म्हणाली, "खातो ना बाई, रोज खातो. संडास काळीभोर होते, तरी खातो." मी मान हलवली आणि पुढच्या बाईला बोलावलं. लोहाची गोळी पोटात गेली की संडास काळी होते, हे मला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. गोळी खाल्ल्याचा पुरावा ती माझ्यासमोर ठेवत होती आणि मी तिला खोटं ठरवत होते. आज वस्त्यांमध्ये फिरताना अशी कार्डं अजून दिसतात. शेरा तोच, बाई वेगळी. म्हणून हा लेख.

हिमोग्लोबिन कमी असण्याचं सगळ्यात मोठं कारण खाण्यातली कमतरता हेच आहे, त्यात शंका नाही. पण अंगात लोह कमी पडतं ते दोन वाटांनी: एक तर आत कमी येतं, नाहीतर आतून बाहेर जास्त जातं. आपण सगळं लक्ष पहिल्या वाटेवर ठेवतो. पालक खा, गूळ खा, गोळी खा. दुसऱ्या वाटेचं कुणी विचारत नाही, कारण ती दिसत नाही. पाळीचं रक्त दिसतं, जखमेचं दिसतं. आतड्यातून थेंब थेंब गळणारं रक्त संडासात मिसळून जातं आणि डोळ्यांना काहीच कळत नाही. माठाला बारीक चीर असेल तर रोज पाणी भरूनही तो अर्धाच राहतो, तसं हे.

चिखलातून पायात, पायातून पोटात

आपल्या भातपट्ट्यात आणि कोकणात ही चीर पाडणारा मोठा चोर म्हणजे हुकवर्म. मराठीत त्याला अंकुशकृमी म्हणतात. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, जाडी शिवणाच्या दोऱ्याएवढी. संडासातून पडणारे गांडुळासारखे लांब जंत आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. ते हे नव्हेत. अंकुशकृमी आतड्याला तोंडाने घट्ट धरून बसतो, त्यामुळे संडासात तो सहसा दिसतच नाही. "आमच्या पोरात जंत नाहीत, कधी पडलेच नाहीत," असं आई सांगते तेव्हा ती खरं सांगत असते, पण त्यावरून काही ठरत नाही.

तो पोटात कसा जातो, हे नीट समजून घ्या. जंत असलेला माणूस उघड्यावर शौचाला बसतो. त्याच्या शौचात जंताची हजारो अंडी असतात. जमीन ओलसर, सावलीची आणि भुसभुशीत असली, की एक-दोन दिवसांत त्या अंड्यांतून अळ्या निघतात. पाच ते दहा दिवसांत अळी माणसाच्या कातडीत शिरण्याइतकी तयार होते, आणि ओल टिकली तर मातीत तीन-चार आठवडे जिवंत राहते. डोळ्यांना दिसत नाही. त्या मातीवर अनवाणी पाय पडला, की बोटांच्या बेचक्यातून किंवा तळव्याच्या कडेने आत शिरते. तोंडातून जायची गरज नाही.

आत गेल्यावर अळी रक्तातून फुप्फुसात पोचते, तिथून श्वासनळीने वर घशाशी येते, आपण ती नकळत गिळतो, आणि मग ती लहान आतड्यात जाऊन चिकटते. कुणाला या काळात थोडा खोकला येतो. पाय लागल्यापासून जंत मोठा होऊन अंडी घालायला लागेपर्यंत दीड-दोन महिने जातात.

हा वेळेचा हिशोब आपल्या कामाच्या हिशोबाशी जोडून बघा. रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये. पायाला खाज सुटते, बारीक पुरळ येतं तेही तेव्हाच. आपण म्हणतो चिखल्या झाल्या, आणि हळद-तेल लावतो. चिखल्या असतातही, पाय दिवसभर पाण्यात राहिले की बोटांच्या मधली कातडी कुजतेच. पण त्याच पायातून अळ्याही शिरलेल्या असू शकतात. थकवा जाणवायला लागतो तो दिवाळीच्या सुमाराला. ऑगस्टमधली खाज आणि दिवाळीतला दम, या दोन गोष्टींचा संबंध आहे असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. भाताच्या बांधीत साचलेल्या पाण्यात ही अळी फार टिकत नाही, आणि कडक उन्हाने सुकलेल्या जमिनीतही मरते. तिला आवडते ती धुऱ्यावरची माती: ओली, पण पाण्याबाहेरची, गवताच्या सावलीतली. आणि रोवणीच्या बाया शौचाला कुठे जातात? धुऱ्याच्याच आडोशाला. जेवायला कुठे बसतात? धुऱ्यावरच. लेकराला कुठे निजवतात, तेही तुम्हाला माहीत आहे. म्हणून "चिखलात काम केलं म्हणून जंत झाले" हे अर्धंच खरं. ज्या कामाच्या जागी संडास नाही आणि पायात काही नाही, तिथे जंत होतात. अळी जात बघत नाही. पण अनवाणी कोण उभं असतं आणि चिखलात न उतरता मजूर कोण मोजतं, हे आपल्याला सांगायला नको.

ही पायातून शिरायची वाट कशी कळली, तेही ऐकण्यासारखं आहे. इजिप्तमध्ये आर्थर लूस नावाचे जर्मन शास्त्रज्ञ या जंतावर काम करत होते. 1898 च्या सुमारास प्रयोग करताना अळ्यांचं पाणी चुकून त्यांच्या हातावर सांडलं. हात लाल झाला, खाजला. पुढे काही आठवड्यांनी त्यांनी स्वतःची संडास तपासली, तर तिच्यात अंडी. तोवर हा जंत फक्त तोंडातूनच जातो असं सगळे धरून चालले होते.

एक जंत किती रक्त पितो?

अंकुशकृमीच्या दोन जाती माणसाला होतात आणि दोन्ही भारतात आहेत. लहान जातीचा एक जंत दिवसाला साधारण 0.03 मिलिलिटर रक्त घालवतो, मोठ्या जातीचा 0.15 ते 0.2. आकडा वाचून कुणीही म्हणेल, एवढंसं तर आहे. पण जंत एकटा नसतो, आणि तो रोज पितो, वर्ष-दोन वर्षं आणि कधी त्याहूनही जास्त. शिवाय रक्त गोठू नये म्हणून तो आपल्या लाळेतून औषध सोडल्यासारखं काही सोडतो. एक जागा सोडून दुसरीकडे चिकटला, तरी जुनी जखम काही वेळ गळतच राहते.

समजा एका बाईच्या आतड्यात लहान जातीचे 100 जंत आहेत. उघड्या पायांनी वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांत एवढे असणं काही नवल नाही. म्हणजे रोज 3 मिलिलिटर, महिन्याला 90 मिलिलिटर रक्त. आपल्या वस्तीत 14 एप्रिलला, 6 डिसेंबरला रक्तदान शिबिरं होतात. तिथे एका पिशवीत 350 मिलिलिटर रक्त घेतात. या बाईची एक पिशवी दर चार महिन्यांनी जातेय. शिबिरात बाईला दोन रक्तदानांमध्ये चार महिन्यांचं अंतर ठेवायला सांगतात आणि हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली असेल तर परत पाठवतात. जंत मात्र हिमोग्लोबिन सात असलं तरी घेतच राहतो. मोठ्या जातीचे तेवढेच जंत असतील तर एक पिशवी अडीच-तीन आठवड्यांतच जाते.

आता लोहाचा हिशोब. वरण-भात-भाजीच्या जेवणातून अंगाला लागतं ते लोह दिवसाला साधारण एक मिलिग्रॅमच्या आसपास. खाण्यात त्याच्या कितीतरी पट असतं, पण धान्य-भाजीतलं लोह आतडं फार थोडं शोषून घेतं. अंगाची रोजची झीज आणि पाळी यांतच ते संपतं. त्यात रोज 3 मिलिलिटर रक्त गेलं, म्हणजे आणखी एक मिलिग्रॅमभर लोह गेलं. ते येतं साठ्यातून. साठा संपला की हिमोग्लोबिन उतरायला लागतं.

गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं, म्हणून गोळ्या सुरू असेपर्यंत भरती गळतीपेक्षा जास्त होते आणि हिमोग्लोबिन चढतं. गोळ्या थांबल्या की उतरतं. त्या बाईच्या कार्डावर 7.2, 8.6, 7.1 हे आकडे एकाखाली एक होते. चढून उतरलेलं हिमोग्लोबिन हीच गळतीची खूण. ते कार्ड माझ्या हातात होतं आणि मला वाचता आलं नाही.

लेकरांचं गणित आणखी कठीण. वीस किलोच्या मुलाच्या अंगात सगळं मिळून दीड लिटरच्या आसपास रक्त असतं, आणि वाढीसाठी त्याला लोह जास्त लागतं. मोठ्या माणसाला जेवढे जंत जाणवणारही नाहीत, तेवढ्यांनी मूल फिकं पडतं. ते खेळताना लवकर बसतं, वर्गात डुलक्या घेतं, पाठ केलेलं विसरतं. मग शाळेत त्याला "आळशी" म्हणतात, घरी आई कामचुकार म्हणते. काही मुलं माती, भिंतीचे पोपडे, पाटीवरची पेन्सिल खातात; बाया कच्चे तांदूळ खातात. आपण समजतो माती खाल्ल्याने रक्त कमी झालं. बहुतेक वेळा उलटं असतं: अंगात लोह कमी पडलं की अशी वासना होते. तिला चोप देऊन उपयोग नाही, रक्त तपासा. गोड खाल्ल्याने जंत होतात हेही खरं नाही, गुळात अळी नसते.

संडास तपासली, तेव्हा

त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक तरुण डॉक्टर नवीन आले होते. मी तिला "गोळ्या न खाणारी" म्हणूनच तिथे पाठवलं. त्यांनी आधी सिकलसेलची तपासणी केली, तिच्यात काही निघालं नाही. मग तिला विचारलं, कामावर असताना शौचाला कुठे जाता? चप्पल घालता का? पाय खाजतात का? हे प्रश्न मी दोन वर्षांत एकदाही विचारले नव्हते. त्यांनी संडासाची तपासणी लिहिली.

या तपासणीबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली म्हणजे नमुना ताजा हवा, सकाळचा, आणि दोन-तीन तासांत लॅबला पोचलेला. आदल्या दिवशीचा डबा नेला तर उन्हाळ्यात अंडी फुटून जातात आणि रिपोर्टवर "काही आढळले नाही" येतं. दुसरी म्हणजे जंत थोडे असतील तर एका नमुन्यात अंडी सापडत नाहीत. संशय पक्का असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी तपासायला हवं. सोबत रक्ताची पूर्ण तपासणी केली, की तांबड्या पेशी लहान आणि फिक्या झालेल्या दिसतात, आणि इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेल्या असतील तर जंताचा संशय बळावतो.

लॅबच्या टेक्निशियनने मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. काचेसारखं पातळ कवच, आत चार-आठ गोळे एकमेकांना चिकटलेले. बघायला सुंदर, खोटं कशाला बोलू. ती तिच्या रक्तावर वाढलेली अंडी होती.

तिला अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची गोळी दिली, आणि लाल गोळ्या रोज दोन. तीन आठवड्यांनी संडास पुन्हा तपासली, तर थोडी अंडी होती, म्हणून डॉक्टरांनी जंताची गोळी पुन्हा दिली. याचं नवल वाटून घेऊ नका. एका गोळीने अंकुशकृमी पूर्ण जातो तो साधारण चारांतल्या तिघांचा. बाकीच्यांचे कमी होतात पण काही उरतात. महिन्याने तिचं हिमोग्लोबिन 8.9 झालं, तीन महिन्यांनी 11.2. त्यानंतरही साठा भरण्यासाठी आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवल्या. गोळ्या त्याच, आणि खाणारी बाईही तीच होती.

तिच्या आठ वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन 8.4 निघालं. शाळेत जंताची गोळी मिळते तेव्हा तो कधीच हजर नसायचा, आईबरोबर कामावर जायचा.

तुमच्या घरी काय बघायचं

जंतनाशक दिन वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये असतो. 1 ते 19 वर्षांच्या मुला-मुलींना शाळेत आणि अंगणवाडीत गोळी फुकट मिळते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, नीट कुटून पाण्यातून. दोन वर्षांच्या पुढे पूर्ण: तीन वर्षांपर्यंत कुटून पाण्यातून, त्यानंतर चावून. लहान मुलाला आख्खी गोळी गिळायला लावू नका, घशात अडकते. तापाने आजारी मुलाला त्या दिवशी देऊ नका. त्या दिवशी राहिलेल्यांसाठी काही दिवसांनी पुन्हा फेरी असते, आशाताईंना विचारा. ज्या मुलाला फिट येतात त्याला आधी डॉक्टरांना दाखवा. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घ्यायची नाही. चौथ्या महिन्यापासून एक गोळी देतात, पण नर्सबाईंना विचारूनच.

या दिवसात शाळेच्या मुलांना गोळी मिळते, रोवणीला जाणाऱ्या तीस-चाळीस वर्षांच्या बाईला आणि बापाला कुणी बोलावत नाही. मूल जंतमुक्त होतं, आई नाही, आणि दोघं त्याच धुऱ्यावर जातात. तेव्हा शेतमजूर मोठ्या माणसांनी आपणहून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन मागायला हवं. "मी चिखलात काम करते, माझं रक्त कमी आहे, माझी संडास तपासा," एवढंच म्हणायचं.

लाल गोळीबद्दल: महिनाभर रोज खाऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमही वाढलं नाही, तर महिना आणखी वाढवून बघू असं करू नका. त्या टप्प्यावर मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, असं सरकारी नियमातच आहे. चहाबरोबर गोळी घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. तासभर अंतर ठेवा. हिमोग्लोबिन सातच्या खाली, बसल्या जागी दम, पायांवर सूज यांपैकी काहीही असेल तर उपकेंद्रात वेळ घालवू नका.

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आहे, ते आधी तपासून घ्याच. पण एक गैरसमज मी वारंवार बघते. बाई सिकलसेलची वाहक निघाली, की तिचं रक्त कमी असण्याचं सगळं खापर त्यावर फोडतात आणि पुढे कुणी बघत नाही. नुसत्या वाहकाचं हिमोग्लोबिन सहसा त्यामुळे कमी होत नाही. वाहक बाईचं आठ असेल तर कारण दुसरं आहे, ते शोधायला हवं. ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

जंत नसतील तर

संडासात अंडी नाहीत तरीही गळती असू शकते. मजुरी करणाऱ्या घरांत माझ्या अनुभवाने पहिला संशयित म्हणजे अंगदुखीची गोळी. कंबर दुखते, गुडघे दुखतात, उद्या पुन्हा वाकायचं आहे, म्हणून मेडिकलवरून, कधी किराण्यातूनही, पाकीट न बघता गोळी आणतात. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या रोज घेतल्या, त्यातही वय झालेल्या माणसाने किंवा दारूबरोबर घेतल्या, तर जठराला चरे पडतात आणि तिथून रक्त झिरपतं. पोट दुखेलच असं नाही. पॅरासिटामॉल नेमक्या मात्रेत घेतली तर असं करत नाही. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, तोंडी नावं सांगू नका.

संडासच्या वाटेचं मूळव्याधीचं रक्त दिसतं, पण बाया लाजेपायी वर्षानुवर्षं सांगत नाहीत. लहान मुलांत चाबूककृमी नावाचा दुसरा जंत असतो. फार झाला तर आव पडते, रक्त पडतं, आणि जंताच्या एका गोळीने तो नीट जात नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला वरचं गाई-म्हशीचं दूध दिलं, तर त्याच्या कोवळ्या आतड्यातूनही थोडं रक्त झिरपू शकतं.

आणि पुरुषांचं. पुरुषाला पाळी येत नाही. पाळी बंद झालेल्या बाईलाही नाही. या दोघांत लोह कमी पडून हिमोग्लोबिन उतरलं, तर ते "खाण्याने" म्हणून सोडून द्यायचं नाही, पोटातून कुठे रक्त जातंय ते शोधायचं. पन्नाशीच्या पुढे यामागे जठराची जखम असते, कधी आतड्याचा कॅन्सरही असतो, आणि लवकर कळला तर त्यावर इलाज आहे. संडासात लपलेलं रक्त आहे का, याची साधी तपासणी असते, ती करायला सांगा. मात्र ती एकदा निगेटिव्ह आली म्हणजे पोट साफ ठरलं असं नाही, पुढे दुर्बिणीची तपासणी लागू शकते.

काळ्या संडासाबद्दल एवढं लक्षात असू द्या. लोहाच्या गोळीने ती काळी-हिरवट होते, पण बांधलेली असते, वासात फार फरक नसतो. जठरातून रक्त पडत असेल तर ती डांबरासारखी चिकट, चकाकणारी आणि घाण वास मारणारी असते. तशी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

पुढच्या रोवणीआधी

गोळीने पोटातले जंत मरतात, मातीतल्या अळ्या मरत नाहीत. म्हणून पुढच्या पावसात तीच वाट पुन्हा सुरू होते. गमबूट घाला असं पुस्तकात लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याने रोवणीच्या बांधीत गमबूट घालून दहा पावलं चालून दाखवावं. बूट चिखलात राहतो आणि पाय वर येतो. पण बांधीतल्या पाण्यापेक्षा धुऱ्याची माती जास्त धोक्याची आहे, हे आपण बघितलं. तेव्हा निदान शौचाला जाताना, धुऱ्यावर चालताना, जेवायला बसताना पायात काहीतरी हवं. चपलेपेक्षा बंद प्लास्टिकचे बूट बरे, कारण माती बोटांत शिरत नाही. लेकराला उघड्या मातीवर निजवू नका, खाली ताडपत्री टाका.

खड्डा करून वर माती लोटली म्हणजे झालं, असंही नाही. भुसभुशीत मातीतून अळी वर सरकू शकते. खरा उपाय कामाच्या जागेजवळ संडास. एका बाईने मागितला तर मालक हसतो. आमच्या भागात एका गटाने रोवणीचा करार ठरवतानाच धुऱ्यापासून लांब एका कोपऱ्यात खोल खड्ड्याचा, तट्ट्याचा आडोसा केलेला संडास मागून घेतला. वस्तीत घराघरात संडास बांधले गेलेत, पण पाणी नाही म्हणून कित्येकांत गोवऱ्या आणि सरपण भरलंय, हे मी डोळ्यांनी बघते. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं बंद ठेवूनच उपसायचा. ताजा मैला हाताने उपसायला लावणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या उपसणाऱ्याच्या हातापायांतून याच अळ्या आत जातात.

त्या बाईची संडास मी पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा तपासून घेतली. रोवणीला ती गेलीच होती, न जाऊन भागत नव्हतं. अंडी सापडली, पण थोडी. हिमोग्लोबिन 11.4 होतं. तिला आणि तिच्या नवऱ्याला गोळी दिली. मुलगा त्या वर्षी ऑगस्टमध्ये शाळेत हजर होता, त्याने तिथेच खाल्ली होती. तिचं जुनं कार्ड काढलं, माझ्या शेऱ्यावर काट मारली आणि खाली लिहिलं: "गोळ्या नियमित घेते. अंकुशकृमी. दर वर्षी रोवणीनंतर संडास तपासणे."